इंग्रजी मसुद्यातील चार लॅटिन शब्दप्रयोग : वकिली कार्यालयात नव्याने लिहू लागलेल्यांसाठी

सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात कामकाज बहुतांशी मराठीतून चालते, परंतु नोटिसा, करारनामे, बँकांशी होणारा पत्रव्यवहार आणि वरिष्ठ न्यायालयात जाणारी कागदपत्रे यांचा मोठा भाग आजही इंग्रजीत तयार होतो. कायद्याचा अभ्यासक्रम पूर्ण करून एखाद्या ज्येष्ठ वकिलांकडे रुजू झालेल्या नवोदितांना पहिल्या आठवड्यातच असे मसुदे लिहावे लागतात. त्या मसुद्यांत चार लॅटिन शब्दप्रयोग हमखास येतात: बोना फाइड, स्टेटस क्वो, पर से आणि व्हाइस व्हर्सा. जुन्या फायलींत ते इतक्या वेळा दिसतात की अर्थ न तपासता उचलले जातात. मीही याच वाटेने शिकलो आणि आता नव्या मुलामुलींचे मसुदे तपासतो. त्या अनुभवावरून सांगतो, की चुका नेहमी ठरावीक जागीच होतात आणि त्या टाळण्याची रीतही ठरावीक आहे.

ती रीत अशी: लॅटिन शब्द लिहिण्यापूर्वी त्या जागी त्याचा मराठी अर्थ ठेवून संपूर्ण वाक्य मराठीत वाचावे. मराठी वाक्य उभे राहिले, तर लॅटिन शब्द ठेवावा. ते अडखळले, तर चूक लॅटिनची नसून वाक्याच्या आशयाची असते आणि ती आधी दुरुस्त करावी लागते. पुढील सर्व पायऱ्यांत हीच कसोटी वापरली आहे. उदाहरण म्हणून नवी पेठेतील एका दुकानगाळ्याच्या भाडेवादाची नोटीस घेतली आहे. घरमालक टॉवेल आणि चादरींचे व्यापारी आहेत आणि त्यांना तो गाळा स्वतःच्या व्यवसायासाठी हवा आहे. भाडेकरू तो सोडण्यास तयार नाहीत. प्रसंग कल्पित आहे, पण असे वाद आपल्याकडे नित्याचे आहेत.

१. लिहायला बसण्यापूर्वी जवळ काय ठेवावे

फार काही लागत नाही. ज्या कायद्याखाली नोटीस जाणार आहे त्या कायद्याची मूळ इंग्रजी प्रत समोर हवी. आपल्या उदाहरणात ती महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ची असेल. केंद्रीय कायद्यांच्या प्रती indiacode.nic.in या संकेतस्थळावर मिळतात. त्याशिवाय एखादा चांगला इंग्रजी शब्दकोश आणि महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश जवळ असावा. मराठी प्रतिशब्द तपासायला हा कोश फार उपयोगी पडतो, कारण आपली कसोटी मराठीवरच उभी आहे.

जुनी नोटीस नमुना म्हणून घेऊ नये, असे मी म्हणणार नाही, कारण सगळेच तसे करतात. मात्र नमुन्यातून वाक्यरचना घ्यावी आणि शब्दाचा अर्थ कायद्याच्या प्रतीवरून ठरवावा. एखादी चूक एका फायलीतून दुसऱ्या फायलीत वर्षानुवर्षे फिरत राहते ती नमुन्यामुळेच.

संगणकावर शब्दांची अक्षरे पुढीलप्रमाणे टंकावीत. प्रत्येक जोडीत मोकळी जागा सोडावी आणि संयोगचिन्ह कोठेही देऊ नये.

```
bona fide
bona fides
mala fide
status quo
status quo ante
per se
vice versa
```

हे शब्द इंग्रजीत पूर्णपणे रुळलेले असल्यामुळे तिरप्या अक्षरांत छापण्याची आवश्यकता नाही. ज्येष्ठ वकिलांचा आग्रह असेल तर तिरपी अक्षरे वापरावीत, पण मग संपूर्ण मसुद्यात ती सारखी असावीत.

२. बोना फाइड : सर्वांत ओळखीचा आणि म्हणूनच सर्वांत फसवा

महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ‘बोनाफाईड’ ठाऊक असते. एस.टी.च्या पाससाठी, शिष्यवृत्तीसाठी किंवा बँकेत खाते उघडण्यासाठी मुख्याध्यापकांकडून आणायचा तो दाखला. त्या दाखल्यात ‘हा विद्यार्थी आमच्या शाळेचा बोना फाइड विद्यार्थी आहे’ असे लिहिलेले असते आणि तेथे शब्दाचा अर्थ ‘खरा, अस्सल’ असा होतो. तो वापर योग्यच आहे. परंतु या ओळखीमुळे नवोदितांच्या मनात दोन समजुती पक्क्या बसतात: एक, हा शब्द म्हणजे एक कागद आहे, आणि दुसरी, त्याचा अर्थ फक्त ‘खरा’ एवढाच आहे. कायद्याच्या मसुद्यात या दोन्ही समजुती अडचणीत आणतात.

लॅटिनमध्ये ‘बोना फिडेस’ म्हणजे सद्भाव, आणि ‘बोना फाइड’ हे त्याचे ‘सद्भावाने’ या अर्थाचे रूप आहे. म्हणजे मूळ शब्द क्रिया कशी केली हे सांगणारा आहे. इंग्रजीने पुढे तो विशेषणासारखाही वापरायला सुरुवात केली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १६(१)(जी) मध्ये घरमालकाला जागा ‘रिझनेबली अँड बोना फाइड रिक्वायर्ड’ असावी, अशी अट आहे. येथे तो ‘रिझनेबली’च्या शेजारी, त्याच कामासाठी आला आहे, जागेची गरज वाजवीपणे आणि प्रामाणिकपणे आहे का, हे तो सांगतो. न्यायालयात आपण याला ‘वाजवी व प्रामाणिक गरज’ म्हणतो.

यावरून पहिली दुरुस्ती कळते. शब्द स्वतःच क्रियाविशेषण असल्यामुळे त्याला पुन्हा एल-वाय जोडून ‘बोनाफाईडली’ करू नये. हा शब्द आपल्याकडच्या नोटिसांत सर्रास आढळतो, आणि पाहणाऱ्याच्या नजरेत तो लगेच भरतो. ‘बोना फाइड इन गुड फेथ’ असेही लिहू नये. मराठीत वाचून पाहिले तर ते ‘सद्भावाने सद्भावाने’ असे होते.

दुसरी गोष्ट नामाची आहे. ‘घरमालकाच्या हेतूच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका आहे’ असे म्हणायचे असेल, तर शेवटी एस असलेले ‘बोना फाइड्ज’ हे नाम वापरावे लागते. ‘द बोना फाइड ऑफ द लँडलॉर्ड’ हे अपुरे वाक्य आहे. या नामापुढे एकवचनी क्रियापद घ्यावे की अनेकवचनी, याबद्दल इंग्रजीत दोन पद्धती आहेत. लॅटिनमध्ये ते एकवचन आहे, आणि जुन्या वळणाचे कायदेविषयक लेखन तसेच करते. शेवटचा एस पाहून अनेकजण ते अनेकवचन समजतात आणि तोही प्रघात आता रूढ झाला आहे. कोणतीही पद्धत घ्या. एका मसुद्यात दोन्ही येऊ देऊ नका. याच नमुन्यावर ‘माला फाइड’ म्हणजे दुष्ट हेतूने आणि ‘माला फाइड्ज’ म्हणजे दुष्ट हेतू. ‘माला फाइड’च्या शेवटी आय-ई-डी लिहिलेले मी कित्येक अर्जांत पाहिले आहे. ते इंग्रजी भूतकाळाच्या सवयीतून येते.

आता खरा मुद्दा. हा शब्द लिहिला म्हणजे गोष्ट सिद्ध झाली, असे नसते. शब्द केवळ निष्कर्ष सांगतो आणि वस्तुस्थिती तुम्हाला वेगळी मांडावी लागते. जमीन खरेदीच्या दाव्यात ‘आमचे अशील बोना फाइड पर्चेसर आहेत’ एवढे लिहून नवोदित पुढे जातात. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चे कलम १९(बी) उघडून पाहा. त्याआधीच्या कराराविरुद्ध संरक्षण मिळण्यासाठी खरेदीदाराने मोबदला दिलेला असावा लागतो, तो सद्भावाने दिलेला असावा लागतो आणि मूळ कराराची त्याला कल्पना नसावी लागते. म्हणजे सद्भाव हा तिथल्या अटींपैकी एक आहे. रक्कम कधी आणि कशी दिली, सातबारा व फेरफार पाहिला का, जागेवर ताबा कोणाचा आहे याची चौकशी केली का, हे परिच्छेदात आले नाही, तर ‘बोना फाइड’ हा शब्द दहादा लिहूनही उपयोग होत नाही.

सद्भावाची व्याख्याही सगळीकडे एक नाही, आणि हे फार थोड्या जणांना ठाऊक असते. सर्वसाधारण खंड अधिनियम, १८९७ च्या कलम ३(२२) प्रमाणे, प्रामाणिकपणे केलेली गोष्ट सद्भावाने केलेली मानली जाते, मग ती निष्काळजीपणे केलेली असो वा नसो. भारतीय दंड संहितेत मात्र योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावाने केलेली मानली जात नसे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हीच व्याख्या कायम आहे. एकीकडे निष्काळजी माणूसही प्रामाणिक असू शकतो. दुसरीकडे काळजी घेतली नसेल तर प्रामाणिकपणाचा बचाव उभाच राहत नाही. त्यामुळे फौजदारी तक्रारीच्या उत्तरात ‘बोना फाइड’ लिहिताना कोणती काळजी घेतली हे त्याच परिच्छेदात सांगावे लागते. ज्या कायद्याखाली मसुदा आहे त्यात स्वतःची व्याख्या दिली आहे का, हे प्रत्येक वेळी आधी पाहावे. असेल तर तीच लागू होते.

आपल्या नोटिशीत म्हणून वाक्य असे येईल: ‘आवर क्लायंट रिझनेबली अँड बोना फाइड रिक्वायर्स द सूट शॉप फॉर हिज ओन बिझनेस इन टॉवेल्स अँड चादर्स.’ त्याच्या लगेच खाली कारणे हवीत: सध्याच्या दुकानात माल ठेवायला जागा पुरत नाही, माल दुसऱ्या ठिकाणी भाड्याने ठेवावा लागतो, नवा गाळा लागून असल्यामुळे दोन्ही एकत्र करता येतील. ही कारणे नसलेली नोटीस म्हणजे नुसती इच्छा झाली, आणि इच्छा व गरज यांतील फरकावर प्रतिपक्षाचे वकील पहिला प्रश्न विचारतात.

३. स्टेटस क्वो : ‘जैसे थे’ म्हणजे नक्की कसे

या शब्दाला मराठीत ‘जैसे थे’ हा सुरेख पर्याय आहे आणि वर्तमानपत्रे तोच वापरतात. म्हणून आपली कसोटी येथे सर्वांत सोपी जाते.

कार्यालयांत आढळणारी पहिली चूक म्हणजे नुसत्या ‘स्टेटस’च्या जागी ‘स्टेटस क्वो’ लिहिणे. ‘आमच्या अर्जाचा स्टेटस क्वो कळवावा’ असे पत्र महापालिकेला किंवा बँकेला जाते. मराठीत वाचा: ‘आमच्या अर्जाचे जैसे थे कळवावे.’ वाक्य लगेच कोसळते. अर्ज कोठवर आला हे विचारायचे आहे, तेव्हा केवळ ‘स्टेटस’ पुरे. दुसरी चूक ‘करंट स्टेटस क्वो’ अशी. जैसे थे म्हणजेच आजची स्थिती, त्यामागे ‘करंट’ लावल्याने शब्द वाढतो, अर्थ वाढत नाही.

तिसरी चूक भाषेची वाटते, पण तिचे परिणाम जागेवर दिसतात. समजा, आपल्या वादात भाडेकरूंनी गाळ्यातील मधली भिंत पाडायला सोमवारी सुरुवात केली. मंगळवारी घरमालक दावा दाखल करतात आणि निशाणी ५ वर तूर्तातूर्त मनाईचा अर्ज देतात. बुधवारी न्यायालय दोन्ही पक्षांनी ‘स्टेटस क्वो’ राखावा असा आदेश देते. तोपर्यंत भिंत निम्मी पडलेली आहे. आदेशाचा अर्थ काय? भाडेकरू म्हणतात, निम्मी भिंत आहे तशीच राहील. घरमालकांना वाटते, भिंत पूर्वीसारखी उभी करून मिळेल. शब्दाच्या अर्थाप्रमाणे भाडेकरूंचे म्हणणे बरोबर आहे, कारण आदेशाच्या दिवशी जी स्थिती आहे तीच राखायची असते.

घरमालकांना हवी असलेली स्थिती म्हणजे ‘स्टेटस क्वो आन्टे’, अर्थात बदल होण्यापूर्वीची स्थिती. ती स्थिती मिळवण्यासाठी एखादी कृती थांबवण्याचा आदेश पुरत नाही. झालेली गोष्ट पूर्ववत करण्याचा, म्हणजे आज्ञार्थी मनाईचा आदेश मागावा लागतो आणि तो न्यायालय सहजासहजी देत नाही. या दोन संज्ञांमधला फरक इतिहासातून चटकन लक्षात राहतो. १० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद जाहीरनाम्याने भारत आणि पाकिस्तान यांनी युद्ध थांबले त्या रेषेवर सैन्य ठेवायचे असे ठरवले नव्हते. ५ ऑगस्ट १९६५ पूर्वी जेथे होते तेथे ते मागे न्यायचे ठरवले. म्हणजे तो ‘आन्टे’ होता, आणि म्हणूनच आपल्या सैन्याने जिंकलेली हाजी पीर खिंड परत करावी लागली. केवळ ‘स्टेटस क्वो’ ठरला असता तर ती आपल्याकडे राहिली असती.

म्हणून अर्जात हा शब्द एकटा सोडू नये. त्याच्यापुढे तारीख लिहावी आणि स्थितीचे वर्णन करावे. ‘स्टेटस क्वो ॲज ऑन द डेट ऑफ द सूट’ असे लिहून त्याखाली ताबा कोणाचा आहे, कुलूप कोणाचे आहे, भिंत किती उभी आहे, शटर कोणत्या बाजूला आहे, हे दोन-तीन ओळींत मांडावे आणि शक्य असेल तर तारीख दिसणारी छायाचित्रे जोडावीत. स्थितीच लिहून ठेवलेली नसेल तर ‘जैसे थे’चा आदेश मिळूनही दोन्ही पक्ष आपापली स्थिती सांगत राहतात, आणि पुढची तारीख त्याच वादात जाते.

४. पर से : कोठे ठेवायचा हे महत्त्वाचे

‘पर से’ म्हणजे ‘स्वतःच, केवळ तेवढ्यानेच’. न्यायालयीन इंग्रजीत याचा उपयोग एका विशिष्ट युक्तिवादासाठी होतो: एखादी गोष्ट आहे, पण केवळ ती असल्याने अमुक परिणाम होत नाही. आपल्या घरमालकांच्या मालकीचा शहरात आणखी एक गाळा आहे आणि भाडेकरू तोच मुद्दा उचलणार हे उघड आहे. त्याला उत्तर असे: ‘हिज ओनरशिप ऑफ अनदर शॉप डज नॉट पर से मेक द रिक्वायरमेंट अनरिझनेबल.’ मराठीत: ‘दुसरा गाळा मालकीचा असल्याने केवळ तेवढ्यावरून गरज अवाजवी ठरत नाही.’ वाक्य नीट उभे राहते. अर्थात, यानंतर दुसरा गाळा का चालत नाही हे सांगण्याची जबाबदारीही तुमच्यावर येते, कारण ‘पर से’ म्हटल्यावर वाचणारा ‘मग त्याशिवाय काय?’ असे विचारतोच.

ज्या गोष्टीला ‘केवळ तेवढ्याने’ लागू करायचे आहे तिच्याजवळ हा शब्द असावा. त्याच वाक्यात तो शेवटी नेऊन ‘डज नॉट मेक द रिक्वायरमेंट अनरिझनेबल पर से’ असे केले, तर ‘पर से’ अनरिझनेबल या शब्दाला चिकटतो आणि ‘गरज मुळातच अवाजवी नाही’ असा वेगळा अर्थ निघू शकतो.

बोलण्यात हा शब्द ‘अगदी तसे नाही, पण’ या अर्थाने भरतीला येतो. मसुद्यात तो तसा आला तर धोका आहे. एका उत्तरात मी असे वाक्य पाहिले आहे: ‘आवर क्लायंट इज नॉट अ सब-टेनंट पर से.’ लिहिणाऱ्याला सांगायचे होते की अशील पोटभाडेकरू नाहीतच. वाचणाऱ्याला मात्र असे वाटते की ते पोटभाडेकरूसारखेच कोणीतरी आहेत, फक्त नाव वेगळे आहे. पोटभाडे हा ताबा गमावण्याचा आधार ठरू शकतो, तेव्हा अशा उत्तरात अर्धवट कबुलीचा वास येऊ देणे परवडणारे नाही. नाकारायचे असेल तर स्पष्ट नाकारावे: ‘आवर क्लायंट इज नॉट अ सब-टेनंट.’

अक्षरांची चूक येथे ठरलेली आहे. कानाला ‘से’ ऐकू येते म्हणून इंग्रजीत ‘बोलणे’ या अर्थाचा एस-ए-वाय हा शब्द लिहिला जातो. तो स्वतंत्र इंग्रजी शब्द असल्यामुळे शब्दतपासणीची लाल रेघ बहुधा उमटत नाही. म्हणून मसुदा पूर्ण झाल्यावर Ctrl+F दाबून तो शब्द मुद्दाम शोधावा.

५. व्हाइस व्हर्सा : दोनच बाजू, आणि त्या खरोखर उलटता आल्या पाहिजेत

या शब्दाबद्दल थोडक्यात सांगता येते. त्याचा अर्थ ‘आणि याच्या उलटही तसेच’ असा आहे. म्हणून वाक्यात अदलाबदल करता येतील अशा दोन गोष्टी असाव्या लागतात, आणि अदलाबदल केल्यावर होणारे वाक्य खरोखर तुम्हाला मान्य असावे लागते. करारनाम्यात ‘भाडेकरू दरमहा ५ तारखेपर्यंत घरमालकास भाडे देईल, अँड व्हाइस व्हर्सा’ असे वाक्य येते. त्याचा अक्षरशः अर्थ, घरमालकानेही भाडेकरूस भाडे द्यावे असा होतो. लिहिणाऱ्याला म्हणायचे असते की घरमालक पावती देईल. तेव्हा ते वेगळ्या वाक्यात लिहावे.

‘कोणत्याही पक्षास दुसऱ्याला तीस दिवसांची नोटीस देऊन करार संपवता येईल’ या वाक्यात दोन्ही बाजू आधीच आल्या आहेत, म्हणून तेथे ‘व्हाइस व्हर्सा’ची गरज नाही. ‘ईच अदर’ असेल तेथेही तेच. मालक, भाडेकरू आणि जामीनदार असे तीन पक्ष असतील तर हा शब्द वापरूच नये, कारण कोणाचे कोणाशी उलटायचे हे कळत नाही. त्याचा ‘उलट’ असा नुसता अर्थही नाही. ‘भाडे वाढवले नाही, व्हाइस व्हर्सा कमी केले’ या अर्थाचे वाक्य चुकीचे आहे. तेथे ‘ऑन द कॉन्ट्ररी’ हवे. चांगले उदाहरण अनुवादाच्या करारात मिळते: ‘मराठीतून इंग्रजीत अँड व्हाइस व्हर्सा’. दोनच भाषा, आणि उलटे केले तरी अर्थ बरोबर.

६. नोटीस पाठवण्यापूर्वीची तपासणी

आता वरील सर्व एकत्र पाहू. नवोदिताने लिहिलेला पहिला मसुदा साधारण असा असतो:

‘आवर क्लायंट बोनाफाईडली रिक्वायर्स द शॉप. हॅविंग अनदर शॉप इज नॉट अ प्रॉब्लेम पर से. यू शाल मेन्टेन द करंट स्टेटस क्वो ऑफ द शॉप. यू शाल को-ऑपरेट विथ आवर क्लायंट अँड व्हाइस व्हर्सा.’

चारही शब्द आहेत आणि प्रत्येक जागी काहीतरी सुटले आहे. पहिल्या वाक्यात कायद्यातील ‘रिझनेबली’ गळाले आहे आणि गरज कशासाठी आहे ते नाही. दुसरे वाक्य ‘प्रॉब्लेम’ म्हणून काय नाकारते हे सांगत नाही. तिसऱ्यात तारीख नाही आणि भिंतीचा उल्लेख नाही. चौथ्याने तर आपल्याच अशिलावर भाडेकरूंना सहकार्य करण्याचे बंधन घातले आहे, जे कोणी मागितलेच नव्हते.

दुरुस्त केलेला मसुदा असा होईल:

‘आवर क्लायंट रिझनेबली अँड बोना फाइड रिक्वायर्स द सूट शॉप फॉर हिज ओन बिझनेस, फॉर द रीझन्स सेट आउट बिलो. हिज ओनरशिप ऑफ अनदर शॉप डज नॉट पर से मेक दॅट रिक्वायरमेंट अनरिझनेबल, ॲज इट इज टू स्मॉल टू स्टोअर हिज स्टॉक. यू शाल मेन्टेन स्टेटस क्वो ॲज ऑन द डेट ऑफ धिस नोटीस अँड शाल नॉट डिमॉलिश एनी फर्दर पार्ट ऑफ द इनर वॉल.’

चौथे वाक्य पूर्ण काढले आहे. ‘व्हाइस व्हर्सा’ची गरज नव्हती, म्हणून तो आला नाही. ‘एनी फर्दर पार्ट’ या तीन शब्दांकडे लक्ष द्या. भिंत काही प्रमाणात पडलेली आहे, हे ते मान्य करतात आणि पुढे पाडू नये एवढेच सांगतात. पाडलेला भाग परत बांधून हवा असेल, तर ती मागणी वेगळ्या परिच्छेदात, ‘स्टेटस क्वो आन्टे’ किंवा साध्या इंग्रजीत ‘रिस्टोअर’ या शब्दाने करावी. मी साधा शब्दच पसंत करतो, कारण नोटीस वाचणारा भाडेकरू असतो, न्यायाधीश नव्हे, आणि त्याला काय करायचे आहे ते एका वाचनात समजले पाहिजे.

नोटीस टपालाने पाठवण्यापूर्वी छापील प्रत हातात घेऊन फक्त हे चार शब्द शोधत एकदा वाचा. संगणकावर `bonafide` असे जोडून टंकले गेले आहे का, हेही शोधून घ्या. शाळेच्या दाखल्याच्या सवयीने बोटे तो शब्द एकत्रच टंकतात. शाळेला लिहिलेल्या अर्जात तो तसा गेला तरी कोणी अडवणार नाही, पण कायद्याच्या कागदात तो सुटा असावा.

७. बोलताना

न्यायालयात हे शब्द उच्चारावेही लागतात. ‘बोना फाइड’ला इंग्लंडच्या वळणाने ‘बोना फाइडी’ असे म्हणतात, आपल्याकडे ‘बोना फाइड’ सर्वमान्य आहे आणि त्यात कमीपणा नाही. ‘व्हाइस व्हर्सा’ आणि ‘व्हाइसी व्हर्सा’ हे दोन्ही उच्चार चालतात. पारपत्रावरच्या शिक्क्याची आठवण करून देणारे ‘व्हिसा व्हर्सा’ मात्र चुकीचे आहे. ‘पर से’मधील ‘से’ दीर्घ म्हणावा. ‘स्टेटस क्वो’ला ‘स्टेटस को’ म्हटले तरी न्यायालयात सर्वांना कळते, फक्त लिहिताना क्यू आणि यू ही दोन अक्षरे विसरू नयेत. आणि युक्तिवाद मराठीत चालू असेल, तर सरळ ‘जैसे थे’ आणि ‘वाजवी व प्रामाणिक गरज’ असे म्हणावे. ते शब्द न्यायालयाला तितकेच परिचित आहेत आणि अशिलालाही समजतात.